रांगतं मूल, घरात मांजर आणि ओट्याखाली झुरळं: जेल ट्रीटमेंट कशी करून घ्यावी

नागपुरात मी बरीच वर्षं पेस्ट कंट्रोलचं काम करतो आहे. एप्रिल-मे मध्ये फोन वाढतात, आणि निम्म्या फोनवर पहिलं वाक्य हेच असतं: "भाऊ, झुरळं फार झाली, पण घरात लहान पोट्टं आहे, औषध मारू की नको?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर मात्र औषध मारायचं की नाही इतक्यावर थांबत नाही. कोणतं औषध, किती आणि नेमकं कुठे, यावर सगळं ठरतं. या लेखात मी फक्त स्वयंपाकघरातल्या लहान झुरळांबद्दल लिहितो आहे, कारण रांगत्या मुलांच्या घरी सगळ्यात जास्त चुका त्यांच्याच बाबतीत होतात. वाळवी, ढेकूण, उंदीर यांची ट्रीटमेंट वेगळी असते, ती इथे नको.

यंदाच्या उन्हाळ्यातलं एक घर डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. मनीषनगर भागातला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. आई, बाबा, आजी, चौदा महिन्यांचा मुलगा, एक पर्शियन मांजर आणि हॉलमध्ये फिशटँक. महिनाभरापूर्वी त्यांनी कुणाकडून तरी पूर्ण घरात फवारणी करून घेतली होती. दोन दिवस वास राहिला, आठ दिवस झुरळं कमी दिसली, आणि मग ती थेट बेडरूममधल्या कपाटातही दिसू लागली. मांजर दुसऱ्या दिवशी लाळ गाळत होती म्हणून तिला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. काय फवारलं होतं, ते घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. बिलावर नुसतं "पेस्ट कंट्रोल" लिहिलेलं होतं.

आधी झुरळ ओळखा

रात्री अकरानंतर स्वयंपाकघरातला दिवा बंद ठेवून अर्धा तास थांबा आणि मग टॉर्च लावून आत जा. बोटाच्या पेराएवढं, फिक्कट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा असलेलं झुरळ दिसलं तर ते जर्मन झुरळ. ते सव्वा ते दीड सेंटिमीटरच्या पुढे वाढत नाही. ते घरातच राहतं, घरातच अंडी घालतं आणि जेलने मरतं. अंगठ्याएवढं, लालसर, चकचकीत झुरळ दिसलं तर ते गटारातून, चेंबरमधून आलेलं असतं. त्याच्यासाठी ओट्याखाली जेल लावून फारसं काही होत नाही. नहाणीच्या जाळ्या आणि चेंबर बघावे लागतात.

जर्मन झुरळाची एक गोष्ट समजली की पुढची सगळी ट्रीटमेंट समजते. मादी अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते आणि अंडी फुटायच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत ती सोडत नाही. एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं असतात. पिशवीचं कवच इतकं टणक असतं की कोणतंही औषध आत जात नाही. म्हणून आज घरातली सगळी झुरळं मारली तरी काही आठवड्यांत नवी पिल्लं दिसणारच. "एकदाच मारा, वर्षभर बघू नका" असं कुणी सांगत असेल तर त्याला या पिशवीबद्दल विचारून बघा.

त्या घरी मी पहिल्या भेटीत काहीच लावलं नाही. चिकट कागदाचे तीन सापळे ठेवले: एक सिंकखालच्या बंद कपाटात, एक फ्रिजमागे, एक मसाल्याच्या ट्रॉलीत. मांजर असेल तर हे सापळे बंद जागीच ठेवावेत. पंजा चिकटला तर ओढू नका, खाद्यतेल चोळलं की गोंद सुटतो, आणि नंतर साबणाने पाय धुवा. सकाळी फ्रिजमागचा सापळा जवळजवळ भरलेला होता, सिंकखाली त्याच्या निम्मी, ट्रॉलीत पाच-सहा. म्हणजे खरा अड्डा फ्रिजजवळ होता. घरचे मात्र महिनाभर सिंकखाली स्प्रे मारत होते, कारण झुरळं तिथे दिसायची. झुरळ जिथे दिसतं तिथे ते पाणी प्यायला आलेलं असतं. राहतं ते दुसरीकडे.

फवारणी का नको, जेल का

रांगतं मूल दिवसभर फरशीवर हात फिरवतं आणि तोच हात तोंडात घालतं. त्याचं वजन दहा किलोच्या आसपास असतं, त्वचा पातळ असते, श्वासही मोठ्यांपेक्षा भरभर चालतो. म्हणून मोठ्यांना काही जाणवणार नाही इतकं औषधही त्याच्या वाट्याला जास्त येतं. मांजरीचं तर आणखी वेगळं आहे. झुरळांच्या बहुतेक फवारण्यांमध्ये पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात, आणि त्यातलं परमेथ्रिनसारखं औषध मांजरीच्या यकृताला नीट फोडता येत नाही. शिवाय ती फरशीवर लोळते आणि मग सगळं अंग चाटते. माशांसाठी हा गट अतिशय घातक आहे. टँकवर तुषार उडाले तरी मासे मरू शकतात.

आता आकड्यांत बघा. समजा स्वयंपाकघर आणि हॉलच्या कडांना ०.०३ टक्क्यांचं दोन लिटर द्रावण फवारलं, तर सुमारे ६०० मिलिग्रॅम मूळ औषध फरशीच्या कडांवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर पसरतं, म्हणजे नेमकं मुलाच्या हाताच्या उंचीवर. जेलमध्ये ०.०५ टक्के फिप्रोनिल असेल, तर मसुराच्या डाळीएवढ्या, ०.१ ग्रॅमच्या एका ठिपक्यात मूळ औषध फक्त ०.०५ मिलिग्रॅम असतं. पूर्ण स्वयंपाकघराला साठ ठिपके लागले तरी ते ३ मिलिग्रॅम होतं, आणि तेही बिजागरीच्या मागे, फटीच्या आत. दोन औषधं वेगळी आहेत, त्यांचा विषारीपणाही सारखा नाही, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करता येत नाही. पण औषध घरात कुठे पडतं आणि किती पडतं, हा फरक यावरून कळतो.

जेल काम कसं करतं, तेही सांगतो. ते झुरळाला खाणं वाटतं. खाल्ल्यावर झुरळ लगेच मरत नाही, आपल्या बिळात परत जातं आणि तिथे मरतं. बाहेर न पडणारी लहान पिल्लं मोठ्या झुरळांची विष्ठा आणि मेलेली झुरळं खातात, आणि त्यातून औषध त्यांच्यापर्यंत पोचतं. स्प्रे नेमकं उलटं करतो. समोरचं झुरळ मारतो आणि बाकीच्यांना पळवून लावतो. त्या घरातली झुरळं बेडरूमच्या कपाटात पोचली ती अशीच.

घरगुती उपायांबद्दल एक कळकळीची विनंती. बोरिक पावडर आणि साखर घातलेल्या कणकेच्या गोळ्या आपल्याकडे खूप घरांत ठेवतात. मोठ्या माणसांच्या घरात ठीक आहे, पण रांगत्या मुलाच्या घरात त्या अजिबात ठेवू नका. एका गोळीत काही ग्रॅम बोरिक पावडर असू शकते, गोळी गोड असते, जमिनीवर असते आणि पेढ्यासारखी दिसते. तान्ह्या मुलासाठी एवढी मात्रा जीवघेणी ठरू शकते. झुरळांच्या खडूचंही तसंच. मुलाला तो पाटीवरचा खडूच वाटतो. त्या घरी आजींनी फ्रिजखाली ठेवलेल्या चार गोळ्या मी स्वतः काढल्या. त्यातली एक मांजरीने पंजाने बाहेर ओढलेली होती.

माणूस बोलावण्याआधी तीन गोष्टी विचारा

पहिली, औषधाचं नाव. ब्रँड नाही, मूळ औषध आणि त्याची टक्केवारी. झुरळांच्या जेलमध्ये आपल्याकडे बहुतेक वेळा ०.०५ टक्के फिप्रोनिल किंवा २.१५ टक्के इमिडाक्लोप्रिड असतं. लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घ्या. लेबलवरच्या चौकोनी चिन्हाच्या खालच्या भागातला रंग बघा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लेबल नसलेल्या, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणलेल्या औषधाला घरात येऊच देऊ नका. ते काय आहे हे उद्या डॉक्टरांनी विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. आणि "डीडीव्हीपी" हे नाव ऐकलंत तर सरळ नाही म्हणा. तीव्र वासाचं हे औषध, म्हणजेच डायक्लोरव्हॉस, ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंद आहे.

दुसरी, परवाना. व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो आणि आपल्या राज्यात तो कृषी विभागाकडून मिळतो. त्याची प्रत दाखवायला कुणाला हरकत असायचं कारण नाही.

तिसरी, पुन्हा यायचं ठरलं आहे का. वर सांगितलेल्या अंड्यांच्या पिशवीमुळे किमान दोन भेटी हव्यातच, आणि झुरळं जास्त असतील तर तीन. एकाच भेटीचा भाव स्वस्त वाटतो, पण त्यात काम अर्धंच होतं.

घरात कोण कोण आहे हे तुम्हीही आम्हाला सगळं सांगा. मुलाचं वय, दमा आहे का, कोणी गरोदर आहे का, मांजर, कुत्रा, पक्षी, मासे. ससा असेल तर तो आवर्जून सांगा, सशांना फिप्रोनिल मानवत नाही.

तयारी: आठवडाभर आधीपासून

इथेच निम्मं यश ठरतं आणि इथेच लोक घाई करतात. जेल लावायच्या आधी किमान आठवडाभर स्वयंपाकघरात स्प्रे, खडू, फिनाइल काहीही वापरू नका. स्प्रेचा थर असलेल्या जागी झुरळ फिरकत नाही, मग जेल कितीही चांगलं असो. त्या घरी महिन्यापूर्वीची फवारणी होती, म्हणून ओट्याखालची लाकडी फळी आणि ट्रॉल्यांच्या कडा भांड्यांच्या साबणाने आणि कोमट पाण्याने दोनदा पुसून घ्यायला सांगितल्या. मुलासाठी ते तसंही करायला हवंच होतं.

मग खाणं आणि पाणी तोडायचं. गॅसच्या शेगडीखालचा तेलाचा थर, मिक्सरच्या तळाशी साचलेलं पीठ, फ्रिजच्या मागे खाली असतो तो पाण्याचा छोटा ट्रे. हा ट्रे बऱ्याच घरांत कधीच धुतला जात नाही. या घरी तो काढला तेव्हा त्यात पाणी होतं, आणि बाजूला मोटरच्या उबेत झुरळांची विष्ठा मिरपूड सांडल्यासारखी पसरली होती. अड्डा इथेच होता. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर अशा जागची झुरळं आणि घाण आधी ओढून घ्या आणि पिशवी लगेच बाहेर टाका. जेलचं काम तेवढंच हलकं होतं, आणि दम्याला त्रास देणारी झुरळांची धूळही कमी होते.

नागपूरच्या घरांत आणखी दोन जागा बघायला हव्यात. एक, कूलर. उन्हाळ्यात पाण्याचा हा सर्वांत मोठा साठा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून असेल तर झुरळांना रोज रात्रीची पाणपोई. टाकी गळत असेल तर दुरुस्त करा, आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डासांसाठीही तेच लागतं. दुसरी, पुठ्ठ्याची खोकी. किराण्याची, संत्र्यांची, जुन्या मिक्सरची खोकी माळ्यावर ठेवायची सवय आपल्याला असते. पुठ्ठ्याच्या नागमोडी थरात झुरळ आरामात राहतं आणि अंड्यांच्या पिशवीसकट एका घरातून दुसऱ्या घरात जातं. या घरी माळ्यावरून सात खोकी निघाली. सगळी खाली नेऊन टाकली.

सिंकच्या पाइपभोवतीची भिंतीतली भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवा. फ्लॅटमध्ये शेजारच्या घरातली झुरळं त्याच वाटेने येतात.

जेल लावायचा दिवस

मूल आणि मांजर दुसऱ्या खोलीत, दार बंद. घर सोडून जायची गरज नाही. जेलला वास नसतो, तुषार नसतात. पण काम चालू असताना ट्यूब, तिचं टोपण, हातमोजे खाली पडलेले असतात, आणि खरा धोका तिथे आहे. ३० ग्रॅमच्या एका फिप्रोनिल ट्यूबमध्ये १५ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे तीनशे ठिपक्यांएवढं. गोडसर चवीमुळे कुत्रा अख्खी ट्यूब चावू शकतो. काम संपल्यावर ट्यूब आणि टोपण मोजून आम्ही परत नेतो. तुम्हीही मोजून घ्या.

ठिपके लहान आणि पुष्कळ हवेत. एक मोठा गोळा लावून उपयोग नाही. झुरळ बिळापासून फार लांब जात नाही, त्याला वाटेतच खाणं मिळायला हवं. या घरी असे लावले: फ्रिजमागे मोटरच्या झाकणाच्या आतल्या कडेला दहा-बारा, ओट्याच्या ग्रॅनाइटखाली भिंतीला जिथे सांधा येतो तिथे आठ-नऊ, ट्रॉल्यांच्या बिजागऱ्यांच्या आतल्या बाजूला आणि रुळांच्या मागच्या टोकाला वीसेक, सिंकखाली पाइपच्या वळणामागे पाच, प्युरिफायरच्या मागे आणि चिमणीच्या वरच्या कडेला थोडे. बेडरूमच्या कपाटात बिजागऱ्यांना सहा. सगळे मिळून साठीच्या आत.

मुलाच्या घरासाठी माझा नियम साधा आहे. तुमची करंगळी जिथे सहज पोचते, तिथे ठिपका नको. उघड्या पृष्ठभागावर तर कुठेच नको. सर्वांत खालच्या दोन ट्रॉल्या मूल स्वतः उघडतं, म्हणून तिथे फक्त रुळाच्या मागच्या टोकाला लावायचं, आणि ट्रॉलीला मुलांसाठीचं कुलूप बसवायचं. फरशीवर, स्कर्टिंगवर, मांजरीच्या खाण्याच्या भांड्याजवळ एकही ठिपका नको. गरम होणाऱ्या भागांवर, वायरच्या जोडांवर, आणि भांडी-धान्य थेट टेकतं तिथेही नको.

ठिपके कुठे कुठे लावले, याचं साधं रेखाचित्र एका कागदावर काढून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा, आणि खाली औषधाचं नाव, टक्केवारी, तारीख लिहा. त्या घरच्या आजींनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, "आता बाईला सांगता येईल, कुठे पुसू नको ते." अगदी तेच कारण आहे. कामवाली मावशी दुसऱ्या दिवशी बिजागऱ्या चकाचक पुसून टाकते आणि ट्रीटमेंट फडक्यात जाते. हे मी इतक्या घरांत बघितलं आहे की आता कागद लावल्याशिवाय निघत नाही.

पुढचे तीस दिवस

फरशी रोज पुसा, ओटा रोज पुसा, फक्त ठिपक्यांच्या जागा सोडा. स्प्रे पूर्ण बंद. दिवसा एखादं झुरळ डुलत बाहेर आलं तर घाबरू नका, ते जेल खाल्लेलं आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत मेलेली झुरळं जास्त दिसतात. सकाळी मूल उठायच्या आधी ती झाडून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. मांजरीने एखादं खाल्लं तर त्यातलं औषध अत्यल्प असतं, पण तिला त्याची सवय लावू नका.

चौथ्या दिवशी टॉर्चने ठिपके बघा. कुरतडलेले, लहान झालेले दिसले तर काम चालू आहे. जसेच्या तसे असतील आणि झुरळं मात्र फिरत असतील, तर तीनपैकी एक कारण असतं. त्या जागी जुन्या स्प्रेचा थर आहे, किंवा जेल वाळून कडक झालं आहे, किंवा त्या झुरळांना ते जेल नको आहे. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या उष्म्यात जेल लवकर वाळतं, म्हणून उन्हाळ्यात पहिली तपासणी लवकर करायची. तिसरं कारणही खरं आहे. काही ठिकाणच्या जर्मन झुरळांमध्ये गोड चव टाळण्याचा गुण पिढ्यांमधून आलेला आढळतो. तेव्हा जास्त जेल लावून उपयोग नसतो, वेगळ्या खाद्याचं आणि वेगळ्या औषधाचं जेल घ्यावं लागतं. त्या घरी फ्रिजमागचे ठिपके तिसऱ्या दिवशीच संपले होते, तिथे पुन्हा लावले. चिमणीवरचे कुणी शिवलेही नव्हते, ते काढून टाकले.

पंधराव्या दिवशी दुसरी भेट. सापळ्यांत मोठी झुरळं जवळजवळ नव्हती, पण तांदळाच्या दाण्याहून लहान, गडद रंगाची पिल्लं होती. घरच्यांना वाटलं ट्रीटमेंट फसली. खरं तर हीच अंड्यांच्या पिशव्यांतून निघालेली पिल्लं, आणि दुसरी भेट त्यांच्यासाठीच असते. फ्रिजमागे आणि ट्रॉल्यांत मिळून वीस ठिपके नवे लावले. महिन्याने तिन्ही सापळ्यांत मिळून दोनच पिल्लं होती, त्यानंतरच्या तपासणीत एकही नाही.

फवारणी करावीच लागली तर

चेंबर, गच्चीवरची पाइपलाइन, बाहेरची भिंत यांसाठी कधी फवारणी लागते. मग नियम वेगळे. मूल, गरोदर बाई, मांजर-कुत्रा, पक्षी घराबाहेर, नातेवाइकांकडे. फिशटँक हलवता आला तर उत्तम, नाहीतर हवेचा पंप बंद करून टँक ओल्या चादरीने पूर्ण झाका, आणि हवा स्वच्छ झाली की आधी चादर काढून पंप सुरू करा. खेळणी, अंथरूण, मांजरीची भांडी बंद खोलीत. परत किती वेळाने यायचं ते लेबलवर असतं तेवढं, आणि लहान मुलासाठी मी त्याहून जास्त थांबायला सांगतो: पृष्ठभाग पूर्ण वाळेपर्यंत, आणि त्यानंतर खिडक्या उघडून चार-सहा तास.

हवा काढायला आपला कूलर फार उपयोगी आहे. पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालू करायचा आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची. बाहेरची हवा आत ढकलली जाते आणि घरातली निघून जाते. अट एकच, कूलरच्या बाहेरच्या बाजूला फवारणी झालेली नको आणि टाकीत तुषार गेलेले नकोत. मांजरी कूलरचं पाणी पितात, म्हणून फवारणीनंतर टाकी धुऊनच भरा. मूल घरी आणण्याआधी फरशीचा मधला भाग, जिथे ते रांगतं, साबणाच्या पाण्याने पुसा.

काही घडलंच तर

मुलाच्या बोटाला जेल लागलेलं दिसलं तर ओल्या फडक्याने तोंड आणि हात पुसा, हात साबणाने धुवा, आणि कपाटावरच्या कागदाचा फोटो घेऊन डॉक्टरांना फोन करा. एका ठिपक्याने गंभीर काही होण्याची शक्यता फार कमी असते, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. ट्यूब चावली असेल, गोळी किंवा खडू खाल्ला असेल, किंवा फवारणीनंतर मूल सुस्त वाटतं, उलट्या करतं, अंग थरथरतं, श्वासाला त्रास होतो, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा नागपुरातल्या मेडिकल, मेयो, एम्स या रुग्णालयांपैकी जवळच्या ठिकाणी इमर्जन्सीत न्या, आणि औषधाचं लेबल सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे.

मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी करवू नका. उलटी श्वासनलिकेत गेली तर दुखणं वाढतं. दूध-तूपही पाजू नका. औषध अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं असेल तर तसंच.

मांजर लाळ गाळते, कान किंवा कातडी फडफडवते, थरथरते किंवा झोकांड्या खाते, तर फवारणीचा त्रास समजा. अंगावर औषध लागलं असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन, कोरड्या टॉवेलात गुंडाळून लगेच पशुवैद्यांकडे न्या. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. घरात पडलेली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीला विषच आहे.

शेवटची भेट

ही भेट बहुतेक लोक विसरतात. झुरळं संपल्यावर वाळलेले ठिपके तिथेच राहतात. कागदावरच्या खुणा बघत, प्लॅस्टिकच्या पट्टीने ते खरवडून काढायचे, जागा ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं टाकून द्यायचं. एक-दोन सापळे मात्र बंद कपाटात राहू द्यावेत, पावसाळा लागला की त्यात नजर टाकायची.

मनीषनगरच्या त्या घरी मी खरवडायला गेलो तेव्हा मुलगा ट्रॉलीचा दांडा धरून उभा होता. पहिल्या दिवशी तो रांगत होता, आणि तिसऱ्या ट्रॉलीची बिजागरी त्याच्या हाताच्या बाहेर होती. आता ती त्याच्या खांद्याला आली होती. त्या बिजागरीपासूनच खरवडायला सुरुवात केली.